‘ते’ टाकीत सोडावे: एका सूचनापत्रकातल्या सर्वनामांचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान गावातलं आहे. गावाचं, माणसांचं आणि पत्रक काढणाऱ्या कार्यालयाचं नाव मी देत नाही. माझं काम सूचनापत्रकं लिहिण्याचं आणि तपासण्याचं. औषध फवारणी, खतांच्या मात्रा, पाणी शुद्धीकरण असे विषय असतात. या गावात मला बोलावलं गेलं ते भाषेसाठी नव्हे. नळाला पांढरं पाणी येतंय, त्यावर लोकांना समजावणारं एक पत्रक करून द्या, एवढंच सांगितलं होतं.

पार्श्वभूमी

गावाला पन्नास हजार लिटरची उंच टाकी आहे. विहिरीचं पाणी मोटारीने टाकीत चढतं आणि रोज सकाळी दीड तास नळाला सुटतं. शुद्धीकरण टीसीएल पावडरीने, म्हणजे ब्लीचिंग पावडरीने होतं. गावात ब्लीचिंग कोणी म्हणत नाही, सगळे ‘टीसीएल’च म्हणतात. हे काम ग्रामपंचायतीने नेमलेला जलसुरक्षक करतो.

कामाची रीत अशी. पावडर मोजून बादलीत घ्यायची, थोड्या पाण्यात कालवून पातळ पेस्ट करायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं हलवायची नाही. तेवढ्या वेळात पावडरीतला न विरघळणारा चुना तळाशी बसतो आणि क्लोरीन वरच्या निवळ पाण्यात उतरलेला असतो. ते वरचं पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत काढून टाकीत सोडायचं, तळाचा चुना फेकायचा. पाण्यात क्लोरीन मिसळून काम करायला किमान अर्धा तास लागतो. त्यानंतर नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतात: नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलुडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो.

(‘ओटी पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगली बातमी, हे गावात प्रत्येक नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. बाकी सगळ्या तपासण्यांत पॉझिटिव्ह म्हटलं की लोक घाबरतात.)

गावात बरीच वर्षं हे काम तात्या करत. वयामुळे मे महिन्यात त्यांनी ते सोडलं आणि जूनपासून बारावी झालेला एक तरुण कामावर आला. तात्यांनी त्याला दोन दिवस सोबत नेलं. त्यातल्या एका दिवशी वीज नव्हती आणि दुसऱ्या दिवशी तात्यांना लग्नाला जायचं होतं. पुढचं सगळं मोटारीच्या खोलीतल्या पत्र्यावर रंगवलेल्या सूचनांवर सोडून ते मोकळे झाले.

अडचण

ऑगस्टमध्ये दोन तक्रारी आल्या. पहिली बायकांची: सकाळी पहिल्या दहा मिनिटांत हंड्यात पांढरं पाणी येतं आणि हंडा रात्रभर ठेवला की तळाला खडूसारखा थर बसतो. दुसरी आरोग्यसेवकाची: गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला ओटी चाचणी चार वेळा निगेटिव्ह आली, पण ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवसांपुढे ‘चाचणी पुन्हा केली’ असं लिहिलंय आणि पुढे काहीच नाही.

दरम्यान काही घरं योजनेचं पाणी सोडून ओढ्याकाठच्या जुन्या आडावर जाऊ लागली होती. खरा धोका तोच होता. त्या आडाला ना टीसीएल, ना चाचणी.

पहिला संशय पावडरीवर गेला आणि तो रास्तच होता. ओलावा लागला की टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो आणि मागे जवळपास नुसता चुना उरतो. पांढरं पाणी आणि निगेटिव्ह चाचणी या दोन्ही गोष्टी शिळ्या पावडरीने सहज समजावता येतात. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेला. निकाल यायला बरेच दिवस गेले आणि पावडर ठीक निघाली.

मग संशय त्या मुलावर आला. कामचुकार आहे, बादली ढवळतच नाही, असं सरळ बोललं जाऊ लागलं. मी गावात पोहोचले ती नेमकी या वेळी. मी त्याला म्हटलं, रोज करतोस तसं माझ्यासमोर कर. त्याने पावडर तोलून घेतली, नीट कालवली, ढवळली, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावला. गजर वाजल्यावर बादली उचलली आणि तळाच्या चुन्यासकट सगळी टाकीत ओतली. वर बादलीत मगभर पाणी घालून खळबळून तेही ओतलं.

“चुना पण?” मी विचारलं.

“मॅडम, तसंच लिहिलंय की.”

तो कामचुकार तर नव्हताच, उलट लिहिलेल्यावर विश्वास ठेवून वागत होता. पत्र्यावर हे होतं:

> 1. आवश्यक टीसीएल पावडर बादलीत घेऊन त्यात थोडे पाणी घालून पेस्ट तयार करावी.
> 2. नंतर बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ते ढवळावे व 10 मिनिटे स्थिर ठेवावे.
> 3. चुना खाली बसल्यावर ते टाकीत सोडावे.
> 4. अर्ध्या तासानंतर नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घ्यावी. त्यात ते न आढळल्यास हे पुन्हा करावे व त्याची नोंद ठेवावी.

दोन्ही तक्रारींचं मूळ या चार ओळींत आहे. तिसऱ्या ओळीतल्या ‘ते’मुळे हंड्यात चुना आला. चौथ्या ओळीतल्या ‘हे’मुळे क्लोरीन कमी असलेलं पाणी तसंच नळाला गेलं.

वाक्यं नेमकी कुठे निसटली

तिसरी ओळ बघा. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निवळलेलं पाणी होतं आणि पाणी नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते’. चुना म्हणायचा असता तर त्याने ‘तो’ लिहिलं असतं. म्हणजे व्याकरण चोख आहे आणि लिहिणाऱ्याचं म्हणणंही एका अर्थी खरं आहे की ‘ते’ म्हणजे चुना होऊच शकत नाही. पण वाचणाऱ्यापुढे ‘चुना’ विरुद्ध ‘निवळ पाणी’ अशी निवड कुठे होती? पत्रकात निवळ पाण्याचा उल्लेखच नाही. त्याच्या मनात एकच वस्तू होती: दुसऱ्या ओळीत ढवळलेलं बादलीतलं सगळं. तिथेही ‘ते’च होतं. तेच ‘ते’ तिसऱ्या ओळीत भेटलं, तर त्याने तीच वस्तू धरली. मी त्याच्या जागी असते तरी तेच केलं असतं. गंमत म्हणजे ‘चुना खाली बसल्यावर’ हे शब्द त्याने वेळेची खूण म्हणून वाचले, भाताला वाफ आल्यावर उतरवावा तसे. लिहिणाऱ्याला त्यात वेगळं करण्याची कृती अभिप्रेत होती. ती त्याच्या मनातच राहिली, कागदावर उतरली नाही.

मराठीत सर्वनामाला लिंग असतं, त्यामुळे आपल्याकडे असा घोटाळा कमी होतो असं मानलं जातं. तो, ती, ते यांमुळे काही वेळा मदत होते हे खरं. पण ही मदत किती लवकर संपते ते याच चार ओळींत दिसतं. पहिल्या ओळीतलं ‘त्यात’ घ्या. पावडर स्त्रीलिंगी, बादली स्त्रीलिंगी, तरी ‘त्यात’ सहज चालून गेलं, कोणाला खटकलं नाही. विभक्ती लागली की पुल्लिंग-नपुंसकलिंगाचा भेद पुसला जातो (‘त्याची नोंद’ म्हणजे क्लोरीनची, चाचणीच्या निकालाची की पुन्हा केलेल्या कामाची?), आणि ‘त्यात’ तर बोलताना आपण तिन्ही लिंगांना वापरतो. शिवाय या धंद्यातले निम्मे शब्द बाहेरून आलेले, त्यांचं लिंग पक्कं नाही. एकाच माणसाच्या तोंडी ‘टीसीएल टाकलं’ आणि ‘टीसीएल टाकली’ दोन्ही येतात. क्लोरीन कोणाला ‘आढळला’, कोणाला ‘आढळले’. ज्या नामाचं लिंगच डळमळीत आहे, त्याच्या सर्वनामाच्या लिंगावरून वाचकाने अर्थ ओळखावा ही अपेक्षा फुकटची आहे.

चौथ्या ओळीतलं ‘हे पुन्हा करावे’ जास्त घातक होतं. इथे ‘हे’ कुठल्याच नामाबद्दल नाही. ते मागे सांगितलेल्या सगळ्या प्रकाराकडे बोट दाखवतं. पण मागे दोन प्रकार सांगितलेत: टीसीएल टाकणं आणि चाचणी घेणं. चाचणी त्याच ओळीत आहे, जवळ आहे. ‘हे’ जवळच्याला म्हणतात आणि ‘ते’ लांबच्याला, हे आपण लहानपणापासून शिकतो. मुलाने जवळचं धरलं. रंग आला नाही की नवीन नळी, नवीन थेंब, पुन्हा तपासणी. पुन्हा रंग आला नाही की रजिस्टरमध्ये ‘चाचणी पुन्हा केली’. पावसाने विहिरीत गढूळ पाणी उतरलं होतं. अशा पाण्यातली माती आणि पालापाचोळ्याचा अंश क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून त्या दिवसांत जास्त मात्रेची गरज होती. त्या ऐवजी जास्त चाचण्या झाल्या.

हे सदोष पत्रक इतकी वर्षं खपलं कसं, हे तात्यांना भेटल्यावर कळलं. ते म्हणाले, “मी नाय बा कधी वाचलं. माझ्या हाताला ठाऊक होतं.” पत्रा बरीच वर्षं भिंतीवर होता आणि त्याच्यावर विसंबून काम करणारा पहिला माणूस जूनमध्ये आला.

समोर असलेले पर्याय

ग्रामसेवकांचं म्हणणं सरळ होतं: मुलाला एकदा दाखवून द्या, विषय संपला. खर्च शून्य, काम त्याच दिवशी. हा पर्याय मी नाकारला नाही, त्याच सकाळी तात्यांना बोलावून तो केलाही. पण तेवढ्यावर थांबायला माझा विरोध होता. या मुलाला उद्या कंपनीत नोकरी लागली की पुढचा माणूस पुन्हा त्याच पत्र्यासमोर उभा राहणार.

दुसरी सूचना चित्रांची होती. चित्रं चांगली चालतात, पण बादलीतल्या निवळ पाण्याचं आणि चुन्याचं चित्र पत्र्यावर एका रंगात काढलं की ती नुसती दोन रेघांची बादली दिसते. गावातल्या रंगाऱ्याने एक नमुना काढून दाखवला. पहिल्या बघणाऱ्याने विचारलं, “ही अर्धी भरलेली बादली का?”

तिसरा पर्याय माझा: पत्रक नव्याने लिहायचं. ते कसं लिहायचं याबाबतीत मी स्वतः एकदा चुकले.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

मी प्रत्येक सर्वनाम काढून तिथे नाम घातलं. संपादकाची ही जुनी सवय. तिसरी आणि चौथी ओळ अशी झाली:

> 3. चुना खाली बसल्यावर द्रावण टाकीत सोडावे.
> 4. अर्ध्या तासानंतर नळाच्या पाण्यात चाचणीचे द्रावण टाकून रंग पाहावा. क्लोरीन न आढळल्यास सदर प्रक्रिया पुन्हा करावी.

कागदावर हे स्वच्छ दिसत होतं. ‘ते’ नाही, ‘हे’ नाही. शाळेच्या सेवकाला, अंगणवाडीच्या ताईंना आणि दुसऱ्या गावातल्या एका जलसुरक्षकाला वाचायला दिलं. मी फक्त एवढं सांगितलं: समोर भरलेली बादली आहे, दहा मिनिटं झाली आहेत, आता तिसऱ्या ओळीत टाकीत काय जाणार ते बोटाने दाखवा. शाळेच्या सेवकाने अख्खी बादली दाखवली. ताईंनी वरचं पाणी दाखवलं, पण का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “चुना कोण पाण्यात घालेल?” म्हणजे अर्थ पत्रकातून आला नव्हता, त्यांच्या शहाणपणातून आला होता. जलसुरक्षकाने बरोबर दाखवलं. त्याला काम माहीतच होतं, त्यामुळे त्याच्या उत्तराचा मला उपयोग नव्हता.

चूक कुठे होती? ‘द्रावण’ हे नाम मी तीन वस्तूंना वापरलं होतं. ढवळलेली पूर्ण बादली द्रावण, निवळलेलं वरचं पाणी द्रावण आणि चाचणीचे थेंबही द्रावण. सर्वनाम गेलं तरी त्याचा धूसरपणा नामात येऊन बसला. ‘सदर प्रक्रिया’ची तीच गत. ‘हे’ला शेपूट म्हणून ‘प्रक्रिया’ लावलं, पण चाचणी हीही प्रक्रियाच आणि टीसीएल टाकणं हीही प्रक्रियाच. सरकारी मराठीतले ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘उक्त’ हे शब्द सर्वनामापेक्षा नेमके वाटतात. प्रत्यक्षात ते इस्त्री केलेलं ‘हे’ असतं, एवढंच.

दुसरा प्रयत्न: आधी वस्तूंना नावं

मग क्रम उलटा केला. वाक्यं बाजूला ठेवली आणि या कामात एकूण किती वस्तू आहेत त्याची यादी केली. पावडर, पेस्ट, ढवळलेलं पाणी, वर राहिलेलं पाणी, तळाला बसलेलं पांढरं, चाचणीचे थेंब. सहा वस्तू, सहा नावं, आणि एकदा दिलेलं नाव शेवटपर्यंत बदलायचं नाही, हा नियम.

वरच्या पाण्याला काय म्हणायचं यावर बराच वेळ गेला. माझ्या डोक्यात ‘निवळी’ होतं, आरोग्यसेवकाला ‘क्लोरीनचे पाणी’ हवं होतं. ते शास्त्राला धरून आहे, पण टाकीतलं शुद्ध झालेलं पाणीही क्लोरीनचंच पाणी, म्हणून सोडलं. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, ताक ठेवलं की वर निवळ येते ना, तशीच ही. त्या तुलनेने काम झालं. मात्र नुसतं ‘निवळी’ लिहिलं तर मुलग्यांना कळेल का, अशी शंका निघाली, म्हणून ‘निवळ पाणी’ ठरलं. तळाच्या थराला मी ‘साका’ सुचवलं होतं. तात्यांनी विचारलं, “चुन्याला चुना म्हणायला काय झालं?” काही झालं नव्हतं.

क्रियापदानेही एक अडचण दाखवली. कच्च्या मसुद्यात ‘चुना टाकून द्यावा’ असं होतं आणि त्याच्या वरच्याच ओळीत ‘टाकीत टाकावे’. मराठीत टाकणे म्हणजे घालणं आणि टाकणे म्हणजे फेकणं. शेजारीशेजारी दोन टाकणे आले की नवखा वाचक अडखळतो. एकीकडे ‘ओता’ केलं, दुसरीकडे ‘फेकून द्या’.

सगळ्यात मोठा प्रश्न ‘हे पुन्हा करावे’ उलगडताना समोर आला. मी आरोग्यसेवकाला विचारलं, रंग आला नाही तर पुन्हा काय करायचं ते स्पष्ट सांगा, मी तसं लिहिते. तो म्हणाला, पुन्हा टीसीएल. किती? पूर्ण मात्रा? तो थांबला. टाकीत आधीची मात्रा आहेच. पूर्ण मात्रा पुन्हा घातली तर उग्र वास येईल आणि लोक पाणी पिणार नाहीत. त्याने उपकेंद्रात फोन लावला, तिथे थोडी चर्चा झाली. शेवटी ठरलं: निम्मी मात्रा, मग अर्ध्या तासाने पुन्हा चाचणी, आणि तरीही रंग नाही आला तर पाणी न सोडता आरोग्यसेवकाला फोन. हे आधी कोणी ठरवलेलंच नव्हतं. इतकी वर्षं ‘हे’ या एका अक्षराच्या आड ते झाकलं गेलं होतं. पत्रकाच्या कामात मला हा अनुभव वरचेवर येतो. ‘योग्य ती कार्यवाही’, ‘त्याप्रमाणे’, ‘तसे करावे’ असं जिथे असतं, तिथे पेन्सिलने खूण करून विचारलं की पुष्कळदा समोरच्याकडेही उत्तर नसतं.

पत्र्यावर शेवटी हे रंगवलं:

> 1. 50,000 लिटरच्या भरलेल्या टाकीसाठी 250 ग्रॅम पावडर मोजा. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घालू नका. तीन बादल्या लागतील.
> 2. पावडरीत थोडे पाणी घालून पातळ पेस्ट करा. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घाला व ढवळा.
> 3. बादली 10 मिनिटे हलवू नका. चुना खाली बसेल, वर निवळ पाणी राहील.
> 4. निवळ पाणी हळूच दुसऱ्या बादलीत काढा. चुना त्यात येऊ देऊ नका.
> 5. निवळ पाणी टाकीत ओता. चुना फेकून द्या.
> 6. अर्ध्या तासाने शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करा. पिवळा रंग आला तर पाणी ठीक आहे.
> 7. पिवळा रंग आला नाही, तर 125 ग्रॅम पावडर घेऊन पायरी 2 ते 5 पुन्हा करा. अर्ध्या तासाने पुन्हा ओटी चाचणी करा. तरीही रंग आला नाही, तर पाणी सोडू नका, आरोग्यसेवकाला फोन करा.
> 8. दोन्ही चाचण्यांचा रंग व घातलेली पावडर रजिस्टरमध्ये लिहा.
>
> प्रमाण: 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम पावडर. उपकेंद्राने सांगितल्यास ते दुप्पट करावे.

चौथ्या पायरीत एक ‘त्यात’ मुद्दाम ठेवलंय. बोट ठेवायला सांगितलं तेव्हा सगळ्यांनी न अडखळता दुसऱ्या बादलीवर ठेवलं. तिथे ‘चुना दुसऱ्या बादलीत येऊ देऊ नका’ असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की ही आणखी कुठली तरी वेगळी दुसरी बादली आहे. सर्वनाम सरसकट उपटून काढलं की असंही होतं. जवळ एकच वस्तू असेल आणि वाचणारा तिच्याच विचारात असेल, तर ‘तो, ती, ते’ बिनधास्त वापरावं.

परिणाम

नव्या पत्र्यापूर्वी टाकी एकदा रिकामी करून धुतली. तळाला बोटभर जाडीचा पांढरा थर होता, नळाकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जास्त. सकाळी पाणी सुटलं की पहिल्या ओढीबरोबर तोच थर उचलला जाऊन हंड्यात येत होता, म्हणून तक्रार पहिल्या दहा मिनिटांची होती. धुतल्यानंतर पांढरं पाणी थांबलं. आडावर गेलेली घरं परत यायला मात्र गणपती उजाडले. तोंडाला एकदा चव बसली की पाणी कसं का असेना, माणूस लवकर बदलत नाही.

सप्टेंबरात जोराचा पाऊस झाला तेव्हा शेवटच्या नळाला पुन्हा रंग आला नाही. या वेळी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: ‘रंग नाही. 125 ग्रॅम. अर्ध्या तासाने फिकट पिवळा.’ या तीन तुकड्यांत सर्वनाम नाही. ही शिस्त मी कोणाला शिकवलेली नव्हती.

आता करायचं झालं तर

पावडरीचा नमुना पाठवला त्याच दिवशी मुलाला एकदा काम करताना पाहिलं असतं, तर निकालाची वाट बघण्यात गेलेले दिवस वाचले असते. संशय पावडरीवर गेला, मग माणसावर गेला. पत्र्यावर जायला तिसरी पाळी लागली, कारण भिंतीवर रंगवलेलं आहे म्हणजे ते बरोबरच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही आधी पत्रा वाचला नव्हता. मला तर पांढऱ्या पाण्याबद्दल लोकांना समजावणारं पत्रक लिहायचं होतं, आणि त्याचा अर्धा मसुदा माझ्या पिशवीत तयार होता.

बोट ठेवण्याची चाचणी पहिल्या मसुद्याआधीच जुन्या पत्रकावर घ्यायला हवी होती. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘टाकीत काय जाणार ते दाखवा’ म्हटलं की दोन माणसं दोन गोष्टी दाखवतात. आणि ही चाचणी काम जाणणाऱ्यावर घेऊ नये. तात्यांनी जुना पत्राही बरोबरच वाचून दाखवला असता.

माझी शेवटची ओळ राहिली. ‘उपकेंद्राने सांगितल्यास ते दुप्पट करावे.’ इथलं ‘ते’ म्हणजे प्रमाण, असं मी धरलं होतं. ओळीच्या सुरुवातीलाच ‘प्रमाण’ आहे आणि पाणी दुप्पट करा असं कोणी म्हणणार नाही, म्हणून ते सोडून दिलं. दिवाळीनंतर सहज त्या गावात गेले तेव्हा मोटारीच्या खोलीत डोकावले. त्या ओळीशेजारी मुलाने खडूने लिहून ठेवलं होतं: ‘500 ग्रॅम. पाच बादल्या.’